220 केव्ही वाहिनीवर ऑटो-रिक्लोज: डेड टाइम किती ठेवावा आणि तो कसा पडताळावा

एप्रिलअखेर घाटमाथ्यावर वळवाच्या पावसाचे ढग जमू लागले की 220 केव्ही उपकेंद्रांच्या नियंत्रण कक्षातील नोंदवहीत एकाच प्रकारच्या नोंदी वारंवार दिसू लागतात. अमुक वाहिनी बी फेजवर ट्रिप झाली, सेकंदाभरात ऑटो-रिक्लोज यशस्वी झाले आणि वीजपुरवठा खंडित झाला नाही. याच दिवसांत अधूनमधून दुसऱ्या प्रकारची नोंदही असते: ट्रिप झाली, रिक्लोज झाले नाही, गस्ती पथक पाठवले आणि वाहिनीवर काहीही सापडले नाही. दुसऱ्या प्रकारातील बिघाडही बहुधा पहिल्यासारखाच क्षणिक असतो. फरक असतो तो बहुतेक वेळा वेळमापकांच्या, म्हणजे टायमरांच्या, सेटिंगमध्ये. हा लेख त्या सेटिंगविषयी आहे. उदाहरण म्हणून झेब्रा कंडक्टरची 120 किलोमीटर लांबीची, एक-फेज ऑटो-रिक्लोज असलेली 220 केव्ही वाहिनी घेतली आहे.

बिघाड क्षणिक का असतो

उघड्या वाहिनीचे इन्सुलेशन मुख्यतः हवेचे असते. तार आणि मनोरा यांच्यामध्ये डिस्कची माळ असली, तरी विजेचा झोत डिस्कच्या आतून जात नाही, तर माळेच्या बाजूने हवेतून जातो. केबलमधील किंवा रोहित्रातील इन्सुलेशन एकदा फुटले की ते कायमचे जाते. हवा मात्र झोत विझल्यानंतर काही क्षणांत पूर्ववत होते. उघड्या वाहिन्यांवरील साधारण 80 ते 90 टक्के बिघाड क्षणिक असतात असे जे म्हटले जाते, त्याच्या मुळाशी हवेचा हा गुणधर्म आहे.

आपल्याकडील घाटातल्या वाहिन्यांवर या क्षणिक बिघाडांचे मोठे कारण म्हणजे वीज पडणे, आणि येथे कातळाचा संबंध येतो. वीज बहुधा तारेवर न पडता वरच्या अर्थवायरवर किंवा मनोऱ्याच्या टोकावर पडते आणि मनोऱ्यातून जमिनीत उतरते. बेसाल्टच्या कातळावर उभ्या असलेल्या मनोऱ्याच्या पायाचा रोध 60 ओहम असेल आणि त्यातून 20 किलोअँपिअर प्रवाह उतरला, तर मनोऱ्याचे विभव क्षणभर 1200 केव्हीपर्यंत चढते. 220 केव्ही प्रणालीची आघात सहनक्षमता सामान्यतः 1050 केव्ही धरली जाते. अर्थवायरच्या सान्निध्यामुळे तारांचेही विभव थोडे वाढते, त्यामुळे माळेवर प्रत्यक्ष येणारा ताण यापेक्षा कमी असतो. तरीही ज्या फेजचा दाब त्या क्षणी विजेच्या विरुद्ध ध्रुवतेच्या शिखराजवळ असेल, त्या फेजच्या माळेवर आणखी 180 केव्हीपर्यंत भर पडते आणि तिथेच झोत फुटतो. तिन्ही तारा त्याच मनोऱ्यावर असूनही बहुतेक वेळा एकच फेज जमिनीशी जोडली जाते, याचे एक कारण हे आहे. त्याच मनोऱ्याच्या पायाचा रोध 10 ओहम असता, तर विभव 200 केव्हीपुरतेच चढले असते आणि काहीच घडले नसते. म्हणून एकाच मनोऱ्याच्या आसपास वर्षाकाठी तीन-चार यशस्वी रिक्लोज नोंदले जात असतील, तर रिलेचे कौतुक करून थांबू नये. त्या मनोऱ्याच्या अर्थिंगचे मोजमाप घ्यावे.

विजेचा आघात काही मायक्रोसेकंदांत संपतो. मात्र त्याने हवेत जी आयनीभूत वाट तयार केली, तिच्यातून आता 50 हर्ट्झचा बिघाड-प्रवाह वाहू लागतो आणि ब्रेकर उघडेपर्यंत तो थांबत नाही. पक्ष्याने ओलांडलेले अंतर, वाऱ्याने तारेजवळ आलेली फांदी, वणव्याचा धूर या साऱ्यांचा शेवट असाच होतो: कारण निघून जाते आणि झोत उरतो. तो विझवण्यासाठी त्या फेजचा पुरवठा तोडायचा, हवा पूर्ववत होईपर्यंत थांबायचे आणि पुन्हा जोडायचे. या थांबण्याच्या काळाला डेड टाइम म्हणतात.

किमान किती थांबावे

तिन्ही फेज उघडल्या असतील, तर हवेचे आयन निवळण्यास लागणाऱ्या वेळेचा अंदाज एका जुन्या अनुभवसिद्ध सूत्राने काढता येतो:

```
t = 10.5 + kV/34.5
```

येथे t हा 60 हर्ट्झच्या आवर्तनांत मोजलेला आहे. 220 केव्हीसाठी उत्तर 16.9 आवर्तने, म्हणजे सुमारे 0.28 सेकंद येते. हे सूत्र आपल्याकडे अनेकदा 50 हर्ट्झची आवर्तने समजून वापरले जाते आणि उत्तर 0.34 सेकंद लिहिले जाते. ती चूक सुरक्षित बाजूची असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

एक-फेज ऑटो-रिक्लोजमध्ये मात्र हे सूत्र पुरत नाही. बिघाड झालेली फेज दोन्ही टोकांना उघडली, तरी शेजारच्या दोन फेज पूर्ण दाबावर आणि भारावर असतात. त्यांच्याशी असलेल्या धारितेमुळे उघड्या तारेत थोडा प्रवाह येत राहतो आणि झोताला तो पोसत राहतो. याला दुय्यम झोत म्हणतात. त्याचा अंदाज घेणे अवघड नाही. आपल्या वाहिनीच्या दोन फेजांमधील धारिता प्रतिकिलोमीटर साधारण 1 नॅनोफॅरड धरली, तर:

```
I = 127000 × 314 × 1e-9 × 120 = 4.8 A
```

म्हणजे सुमारे 5 अँपिअर. भाराच्या प्रवाहामुळे चुंबकीय प्रेरणेचा एक वाटा त्यात मिसळतो आणि तो वाहिनीच्या टोकांजवळच्या बिघाडात जास्त असतो. परंतु या लांबीच्या 220 केव्ही वाहिनीवर एकूण चित्र त्याने बदलत नाही. पाच अँपिअरचा झोत उघड्या हवेत लांबत, वर उचलला जात, थोड्याशा वाऱ्यातही अर्ध्या सेकंदाच्या आत विझतो, असे धरता येते. हाच हिशेब दुहेरी मूस कंडक्टरच्या 200 किलोमीटरच्या 400 केव्ही वाहिनीसाठी केला, तर 20 अँपिअरच्या वर आकडा जातो. तिथे झोत विझण्याची खात्री सहज देता येत नाही आणि वाहिनीच्या शंट रिअॅक्टरच्या न्यूट्रलमध्ये वेगळा रिअॅक्टर बसवून धारितेचा प्रवाह कमी करावा लागतो. न्यूट्रल रिअॅक्टर देखभालीसाठी बायपास केलेला असताना एक-फेज रिक्लोज चालू ठेवावे की नाही, हा प्रश्न म्हणूनच संरक्षण विभागाला विचारल्याशिवाय सोडू नये.

दुसरी किमान मर्यादा ब्रेकरची आहे. पाटीवर `O-0.3s-CO-3min-CO` असे लिहिलेले असते. याचा अर्थ, उघडल्यानंतर 0.3 सेकंदाने बंद होऊन लगेच पुन्हा उघडण्याची क्षमता ब्रेकरमध्ये आहे, पण त्यापुढची अशी कृती तीन मिनिटांनंतरच अपेक्षित आहे. त्यामुळे 0.3 सेकंदापेक्षा कमी डेड टाइमचा विचारच करता येत नाही.

मग आपल्या वाहिनीवर अर्धा सेकंद का ठेवू नये? भारतात 220 आणि 400 केव्हीसाठी एक-फेज रिक्लोजचा प्रचलित डेड टाइम 1 सेकंद आहे, आणि माझ्या मते 220 केव्हीवर तो कमी करून काहीच मिळत नाही. एक फेज उघडी असताना उरलेल्या दोन फेज वीज वाहत असतात, ग्राहकाला पुरवठा गेल्याचे जाणवत नाही आणि दोन्ही टोके एकमेकांपासून सुटतही नाहीत. उलट, अर्ध्या सेकंदाची बचत करताना झोत अजून जिवंत असताना जोडण्याचा धोका पत्करावा लागतो, आणि तसे झाले की क्षणिक बिघाडासाठी संपूर्ण वाहिनी तिन्ही फेजवर बाहेर जाते. तीन-फेज रिक्लोजमध्ये, जिथे ती एकमेव जोडणी असेल आणि दोन्ही टोकांचे कोन झपाट्याने दूर जात असतील, तिथे घाईला अर्थ असतो, इथे नाही.

घड्याळ कुठून सुरू होते

सेटिंगमध्ये 1 सेकंद लिहिले, म्हणजे झोताला 1 सेकंद मिळाला असे नव्हे. झोताच्या दृष्टीने डेड टाइम दोन्ही टोके उघडल्यावर सुरू होतो आणि पहिले टोक बंद होताच संपतो. आपल्या वाहिनीच्या अ आणि ब या टोकांचा हिशेब मांडू. बिघाड अ टोकाजवळ आहे. शून्य क्षणी झोत फुटला. 25 मिलिसेकंदांनी अ टोकाच्या डिस्टन्स रिलेने झोन 1 मध्ये ट्रिप दिली आणि 75 मिलिसेकंदांना तिथला प्रवाह तुटला. ब टोकाला हा बिघाड झोन 2 मध्ये दिसतो, पण पीएलसीसीवरून कॅरियर संदेश आल्यामुळे त्याने 45 मिलिसेकंदांना ट्रिप दिली आणि 95 ला ते उघडले. अ टोकाचा टायमर ट्रिप दिल्याच्या क्षणापासून मोजत असेल, तर 1025 ला बंद होण्याची आज्ञा जाते, ब्रेकर आणखी 80 मिलिसेकंद घेतो आणि 1105 ला संपर्क जुळतात. झोताला मिळालेला वेळ 1010 मिलिसेकंद आहे. काही रिले ट्रिप आज्ञा मागे घेतल्यापासून मोजतात. तिथे हाच वेळ आणखी 80 मिलिसेकंदांनी वाढतो. आपला रिले यांपैकी काय करतो, हे पुस्तिकेत पाहून सेटिंगच्या तक्त्यात लिहून ठेवावे, कारण पुढे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे रिले दोन टोकांना आले की याच ठिकाणी गोंधळ होतो.

आता कॅरियर बंद आहे असे धरू. ब टोक झोन 2 च्या वेळेने, म्हणजे सुमारे 350 मिलिसेकंदांच्या विलंबाने, तिन्ही फेजवर ट्रिप होईल आणि 425 च्या आसपास उघडेल. अ टोक 1105 ला बंद होते, म्हणजे झोताला 680 मिलिसेकंदच मिळाले. डेड टाइम अर्धा सेकंद ठेवला असता, तर अ टोक 605 ला बंद झाले असते आणि झोताला केवळ 180 मिलिसेकंद मिळाले असते. म्हणजे रिक्लोज जवळजवळ निश्चित अयशस्वी. म्हणून रिक्लोज फक्त झोन 1 किंवा कॅरियर-साहाय्यित ट्रिपनेच सुरू व्हावे, झोन 2 आणि झोन 3 च्या विलंबित ट्रिपने कधीही नाही, आणि दोन्ही टोकांचे कॅरियर चॅनेल नादुरुस्त असतील तर रिक्लोज आपोआप रोखले जावे. यासाठी पीएलसीसी पॅनेलवरील चॅनेल-बिघाडाचा संपर्क रिलेच्या रोधक इनपुटला जोडलेला असावा लागतो. आराखड्यात ती तार असते. प्रत्यक्षात जोडलेली आहे का, ते टर्मिनलवर पाहावे.

डेड टाइमच्या सोबतीचे तीन टायमर

डेड टाइम योग्य असूनही रिक्लोज फसते, ते बहुतेक वेळा सोबतच्या टायमरांमुळे. एका उपकेंद्रात मी पाहिलेली गोष्ट सांगतो. नवा ब्रेकर बसवल्यापासून त्या वाहिनीचे एकही रिक्लोज यशस्वी झाले नव्हते, आणि प्रत्येक अहवालात "कायमचा बिघाड असावा" असे लिहिले जात होते. डिस्टर्बन्स रेकॉर्ड उघडला, तेव्हा दिसले की पहिल्या फेजनंतर बरोबर अर्ध्या सेकंदाने उरलेल्या दोन फेजही उघडत होत्या, आणि त्या क्षणी कोणत्याही फेजमध्ये बिघाडाचा प्रवाह नव्हता. पोल डिस्क्रिपन्सी रिले कारखान्यातून आला होता तसाच 0.5 सेकंदावर होता. एक पोल उघडा आणि दोन बंद अशी स्थिती टिकली की तिन्ही उघडणे, हेच त्याचे काम. आणि एक-फेज रिक्लोजमध्ये ही स्थिती मुद्दाम सेकंदभर ठेवायची असते. त्यामुळे त्याची वेळ डेड टाइमपेक्षा जास्त हवी. 1 सेकंदाच्या डेड टाइमसाठी मुख्य ब्रेकरवर 1.5 सेकंद, आणि दीड-ब्रेकर योजनेतील टाय ब्रेकरवर, तो नंतर बंद होत असल्यामुळे, 2.5 सेकंद ही प्रचलित मूल्ये आहेत.

दुसरा टायमर बॅकअप अर्थ-फॉल्ट रिलेचा. एक फेज उघडी असताना उरलेल्या दोन प्रवाहांची बेरीज शून्य होत नाही. वाहिनीवर 400 अँपिअर भार असेल, तर अवशिष्ट प्रवाहही कमाल त्याच सुमाराचा असतो. 800 अँपिअरच्या सीटीवर अर्थ-फॉल्टचे सेटिंग 20 टक्के, म्हणजे 160 अँपिअर असेल, तर रिले या काळात नक्कीच उचलला जाणार. सामान्य व्यस्त वक्रावर 2.5 पटीला टीएमएस 0.3 असेल, तर तो 2.3 सेकंदांनी ट्रिप देईल आणि त्याआधी आपले रिक्लोज होऊन गेलेले असेल. टीएमएस 0.1 असेल, तर 0.76 सेकंदातच ट्रिप होईल आणि रिक्लोजची संधी जाईल. पोल उघडा असण्याच्या काळात हा घटक रोखणे हा स्वच्छ मार्ग. ते शक्य नसेल, तर जास्तीत जास्त भाराला त्याची वेळ डेड टाइमच्या पुढे राहते का, हे वरीलप्रमाणे मोजून पाहावे.

तिसरा रिक्लेम टाइम. यशस्वी रिक्लोजनंतर इतका काळ रिले पुन्हा रिक्लोज करत नाही. या काळात दुसरा बिघाड आला, तर तो थेट तिन्ही फेज ट्रिप करून थांबतो. प्रचलित मूल्य 25 सेकंद आहे. ब्रेकरची स्प्रिंग पुन्हा ताणली जाण्यास लागणारा वेळ त्यात बसला पाहिजे, म्हणून मोटरला प्रत्यक्ष किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहावे. जुन्या मोटरी आणि उतरलेला डीसी दाब यांमुळे पाटीवरचा आकडा फसवा ठरतो. वादळात एकामागून एक विजा पडत असताना 25 सेकंदांत दुसरा आघात होऊन वाहिनी बाहेर जाणे शक्य आहे, आणि तेव्हा "रिक्लोज का झाले नाही" अशी विचारणा होते. ते ब्रेकरच्या रक्षणासाठी झाले नाही. रिक्लेम टाइम कमी करून ही तक्रार मिटवू नये.

चालू करण्यापूर्वीची चाचणी

दुय्यम इंजेक्शनने रिलेला एक-फेज बिघाड द्यावा, ब्रेकर प्रत्यक्ष चालू द्यावा आणि संपर्क उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा वेळ ब्रेकरच्या सहायक संपर्कांवर मोजावा. केवळ रिलेच्या आतील नोंदीवर विसंबू नये. त्यानंतर हाच बिघाड रिक्लोज होताच पुन्हा द्यावा आणि तिन्ही पोल उघडून रिले लॉकआउट होतो हे पाहावे. तिसऱ्या वेळी बिघाड दोन फेजांचा द्यावा; रिक्लोज होता कामा नये. शेवटी एसएफ6 दाब कमी असल्याचा आणि स्प्रिंग न ताणल्याचा संपर्क एकेक करून जोडून, रिक्लोज रोखले जाते का ते पाहावे. ब्रेकर हाताने बंद केल्याबरोबर आलेल्या बिघाडावर रिक्लोज होऊ नये, हीही चाचणी याच बैठकीत उरकावी, कारण देखभालीनंतर विसरलेल्या अर्थिंगवर वाहिनी चढवली जाण्याचा तो प्रसंग असतो.

जिवंत वाहिनीवर काम चालू असताना दोन्ही टोकांचे रिक्लोज बंद ठेवावे आणि तसा फलक स्विचवर लावावा. वाहिनीत केबलचा तुकडा असेल, तर बिघाड उघड्या भागात आहे हे वेगळ्या संरक्षणाने ठरल्याशिवाय रिक्लोज करू नये. केबलमधील बिघाड क्षणिक नसतो आणि दुसरा आघात तिचे नुकसान वाढवतो.

रेकॉर्डमध्ये काय पाहावे

रिक्लोज फसल्यावर बिघाड कायमचा होता की झोत विझायला वेळ मिळाला नाही, हे डिस्टर्बन्स रेकॉर्डमध्ये वाहिनीच्या बाजूच्या सीव्हीटीवरून कळू शकते. बिघाडाच्या फेजचा दाब पाहावा. दुय्यम झोत चालू असेपर्यंत तो खाली आणि वेडावाकडा असतो. झोत विझला की उघड्या तारेवर शेजारच्या दोन फेजांच्या धारितेमुळे दाब येतो. आपल्या वाहिनीवर फेज-जमीन धारिता फेज-फेज धारितेच्या साधारण सहापट धरली, तर हा दाब फेज दाबाच्या एक अष्टमांश, म्हणजे सुमारे 16 केव्ही, येतो; सीव्हीटीच्या दुय्यम बाजूला 63.5 व्होल्टऐवजी 8 व्होल्ट. त्याचा आकार गुळगुळीत असतो. खालच्या वेड्यावाकड्या दाबातून या गुळगुळीत दाबावर उडी कधी पडली, ती वेळ डेड टाइमच्या सुरुवातीपासून मोजली की त्या बिघाडातील झोताचे आयुष्य मिळते. उघडल्यानंतरचे पहिले एक-दोन आवर्तन सीव्हीटीच्या स्वतःच्या क्षणिक प्रतिसादामुळे विश्वासार्ह नसते. ते सोडून द्यावे. आठ-दहा यशस्वी रिक्लोजांची अशी मोजमापे जमली की आपल्या वाहिनीचा डेड टाइम पुरेसा आहे का, याचे उत्तर कोणत्याही सूत्रापेक्षा चांगले मिळते. उडी नेहमी 300 मिलिसेकंदांच्या आसपास पडत असेल, तर शंकेला जागा नाही. 800 च्या पुढे पडू लागली, तर कारण शोधावे.

ही उडी दिसल्यानंतरही रिक्लोज होताच त्याच फेजवर पुन्हा पूर्ण बिघाड-प्रवाह आला, तर माळेतील डिस्क फुटली असणे किंवा त्याच ठिकाणी पुन्हा वीज पडली असणे, हे दोन्ही शक्य असते. उडी अजिबात दिसली नाही आणि दाब संपूर्ण डेड टाइमभर शून्याजवळ सपाट राहिला, तर तार जमिनीला किंवा मनोऱ्याला धातूने टेकली आहे असे धरावे. अशा वेळी हाताने वाहिनी चढवून पाहण्याचा मोह टाळावा, दोन्ही टोकांच्या रिलेंनी दिलेली अंतरे पडताळून त्या पट्ट्यातील गावांच्या शाखा कार्यालयांना आधी फोन करावा, कारण तार खाली आली असेल, तर ती कोणीतरी पाहिलेली असण्याची शक्यता गस्ती पथक पोहोचण्याच्या बरीच आधीची असते.